न दिसणारी अक्षरं आणि न जुळणाऱ्या याद्या

पुण्याच्या हवेली तालुक्यातल्या शाळांना वाचनालयाची पुस्तकं पाठवायची आहेत, असं समजा. एका स्वयंसेवकाने गावांची यादी स्वतः टंकून एक्सेलमध्ये भरली आहे. शाळांचे कोड दुसऱ्या यादीत आहेत आणि ती एका संकेतस्थळावरच्या तक्त्यातून उचलून चिकटवलेली आहे. आता गावाच्या नावावरून कोड शोधून आणायचा, म्हणजे काम VLOOKUP चं. सूत्र लिहिलं, खाली ओढलं, आणि डोणजे, खानापूर, गोऱ्हे बुद्रुक या तिन्ही गावांसमोर #N/A आलं. नावं दोन्ही याद्यांत आहेत आणि डोळ्यांना सारखीच दिसतात. तरी एक्सेल म्हणतं, असं गाव यादीत नाही.

अशा वेळी बहुतेक जण ते नाव पुन्हा टाइप करतात. उत्तर येतं, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कळायची संधी जाते. तीन गावं असतील तर हे चालून जाईल, पण तीनशे असतील तर काय करणार? शिवाय या तीन गावांचे आजार वेगवेगळे आहेत आणि एका गोळीने ते बरे होत नाहीत.

संगणक चित्रं जुळवत नाही, आकडे जुळवतो. प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, हलन्ताच्या खुणेला युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे. स्पेसबार दाबल्यावर उमटणाऱ्या साध्या मोकळ्या जागेचा क्रमांक ३२. पण मोकळी दिसणारी जागा एकाच प्रकारची नसते. १६० क्रमांकाची जागाही अगदी तशीच दिसते. तिला नॉन-ब्रेकिंग स्पेस म्हणतात. ‘५ किलो’मधला ५ एका ओळीच्या शेवटी आणि किलो दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला असं होऊ नये, म्हणून ती जन्माला आली. वेबपानांवर मात्र तिचा वापर इतर कामांसाठीच जास्त झाला. तक्त्यातला रिकामा चौकोन जुन्या ब्राउझरमध्ये नीट दिसत नसे, म्हणून त्यात ही जागा भरून ठेवत. एचटीएमएल सलग आलेल्या मोकळ्या जागांची एकच करून टाकतं, म्हणून अंतर राखायलाही हीच वापरली गेली. तिथून मजकूर उचलला की ती सोबत येते.

आता डोणजे तपासू. आपली गावं A स्तंभात आहेत आणि चिकटवलेली E स्तंभात. एखाद्या खणात किती अक्षरं आहेत ते LEN सांगतं. ते प्रत्येक चिन्ह वेगळं मोजतं, त्यामुळे ड, ओकार, ण, ज आणि एकार मिळून आपल्या ‘डोणजे’ची लांबी ५ येते. चिकटवलेल्या ‘डोणजे’ची ६ आली. हे जास्तीचं सहावं काय आहे, ते शेवटचं अक्षर काढून विचारता येतं:

```
=UNICODE(RIGHT(E2,1))
```

उत्तर आलं १६०. ते खरं तर २३७५, म्हणजे एकाराचा क्रमांक, असायला हवं होतं.

इथे कुणीही TRIM कडे वळेल, कारण फालतू मोकळ्या जागा काढण्यासाठीच ते आहे. पण TRIM फक्त ३२ क्रमांकाची जागा ओळखतं आणि १६० ला हातही लावत नाही. त्याच्या जोडीचं CLEAN हे ० ते ३१ या जुन्या नियंत्रण-चिन्हांपुरतंच आहे. या दोघांच्या भरवशावर ‘यादी साफ केली’ असं सांगणारे कितीतरी जण भेटतात आणि त्यांची यादी तशीच असते. करायचं ते असं, की आधी १६० च्या जागी साधी जागा घालायची आणि मगच TRIM लावायचं:

```
=TRIM(SUBSTITUTE(E2,UNICHAR(160)," "))
```

क्रम उलटा केला, म्हणजे TRIM आत आणि SUBSTITUTE बाहेर ठेवलं, तर टोकाची १६० बदलून साधी जागा होते आणि तिथेच राहते. आणखी एक चूक हमखास होते. १६० च्या जागी काहीच न घालणं, म्हणजे ती सरळ पुसून टाकणं. शब्दाच्या टोकाला ते चालतं. दोन शब्दांच्या मध्ये ती असेल तर ‘गोऱ्हेबुद्रुक’ असं एकच गाव तयार होतं.

खानापूरचा प्रकार वेगळा. त्याची लांबी ७ ऐवजी ८ येते, पण शेवटचं अक्षर विचारलं तर ८२०३. ही शून्य रुंदीची जागा. थाई, ख्मेर अशा लिप्यांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. तिथे ओळ कुठे तोडली तर चालेल, ते संगणकाला कळावं म्हणून ही खूण असते. वेबपानांवर लांबलचक पत्ते मोडण्यासाठीही ती पेरलेली असते. तिला रुंदीच नाही, त्यामुळे खणाच्या कडेला अंतर दिसेल म्हणून निरखून पाहण्यात अर्थ नाही. युनिकोड तिला मोकळ्या जागांच्या वर्गात धरतही नाही. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना याचा फटका बसतो. तिथलं strip() हे टोकाची १६० काढतं, पण ८२०३ तशीच ठेवतं. एक्सेलमध्ये तिच्यासाठी आणखी एक SUBSTITUTE लागतं. या वेळी बदली काहीच घालायचं नाही, कारण तिने कुठलीच जागा अडवलेली नसते.

गोऱ्हे बुद्रुकपाशी मात्र थांबावं लागतं. आपल्या खणात लांबी १४, त्यांच्या खणात १५. शेवटचं अक्षर दोन्हीकडे २३२५, म्हणजे क. टोकाला काही चिकटलेलं नाही, जे आहे ते पोटात आहे. मग सगळी अक्षरं एकाखाली एक मांडायची. एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत एका सूत्रात होतं:

```
=UNICODE(MID(E4,SEQUENCE(LEN(E4)),1))
```

त्यांच्या नावाचे आकडे येतात २३२७, २३७९, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३७५, १६० आणि पुढे ‘बुद्रुक’. आपले येतात २३२७, २३७९, २३५३, २३८१, २३६१, २३७५, ३२ आणि पुढे तेच. १६० आणि ३२ चा फरक तर ओळखीचा झाला. LEN ने तो कधीच दाखवला नसता, कारण दोन्ही जागा मोजायला एकेकच. उरला तो ऱ्ह.

हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही युनिकोडला मान्य आहेत. एका रीतीत ऱ हे २३५३ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की हे अक्षर येतं. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा र, मग हलन्त आणि मग ८२०५ क्रमांकाचा शून्य रुंदीचा जोडक असतो. तो जोडक नसता तर र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला असता. पडद्यावर दोन्ही रीतींचं चित्र एकच, आत मात्र आकडे निराळे.

म्हणूनच इंग्रजी याद्यांसाठी सांगितला जाणारा उपाय मराठीत जसाच्या तसा वापरणं धोक्याचं आहे. ‘शून्य रुंदीची सगळी अक्षरं उडवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. इंग्रजी नावांत त्याने काही बिघडत नाही. इथे ८२०५ उडवला की गोऱ्हे या गावाचं ‘गोर्हे’ होतं. ते आपल्या यादीतल्या नावाशी जुळत नाही ते नाहीच, वर पुस्तकांच्या खोक्यांवर चुकीचं नाव छापलं जातं. कऱ्हाडचंही तेच होईल. दऱ्यांचा दर्या झाला तर अर्थच पालटतो, आणि शुद्धलेखन तपासणारा संगणकही हरकत घेणार नाही, कारण दर्या हाही खरा शब्द आहे. ८२०४ क्रमांकाच्या भावंडाचीही अशीच गरज असते. हलन्त वेगळा दिसावा म्हणून ‘वाङ्मय’सारख्या शब्दांत काही जण तो घालतात.

तेव्हा जोडक पुसायचा नाही, जुनी रीत नव्या रीतीत बदलून घ्यायची. र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(E2,
UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
UNICHAR(2353)&UNICHAR(2381)),
UNICHAR(160)," "),UNICHAR(8203),""))
```

हे सूत्र मूळ नावावर चालवून नाव बदलू नये. शेजारी, F मध्ये, एक नवा स्तंभ करून त्यात ते ठेवावं आणि शोध त्या स्तंभावर घ्यावा. छापायला मूळ नाव राहतं आणि उद्या काही चुकलंसं वाटलं तर मागे जाऊन पाहता येतं. E2 च्या जागी A2 घालून हेच सूत्र B स्तंभात, आपल्या टंकलेल्या यादीसाठीही चालवायचं. आपण स्वतः टाइप केलेल्या नावाच्या शेवटी स्पेसबार दाबला गेला नसेल याची खात्री कोण देणार? शाळांचे कोड G मध्ये असतील तर शोध असा होतो:

```
=VLOOKUP(B2,$F$2:$G$200,2,FALSE)
```

शेवटचं FALSE गाळू नये. ते गाळलं तर एक्सेल जवळपासचं नाव चालवून घेतं, आणि #N/A ऐवजी भलत्याच शाळेचा कोड बिनबोभाट येऊन बसतो. #N/A दिसायला वाईट, म्हणून काही जण वरून IFERROR चढवून तिथे शून्य दाखवतात. हे मला सगळ्यात घातक वाटतं. पटसंख्या आणायची असेल तर न जुळलेल्या गावांची मुलं शून्य धरली जातात, बेरीज कमी येते आणि कुठे काही चुकलं आहे याची खूणही उरत नाही. त्यापेक्षा उत्तरं H स्तंभात असतील तर न जुळलेली किती आहेत ते मोजावं:

```
=SUMPRODUCT(--ISNA(H2:H200))
```

साफसफाईच्या आधी आणि नंतर हा आकडा पाहिला की सूत्राने किती काम केलं ते कळतं. तो शून्यावर येईलच असं नाही. एका यादीत ‘बुद्रुक’ आणि दुसरीत ‘बु.’ असेल, एकीत कराड आणि दुसरीत कऱ्हाड असेल, तर ते कुठल्याही अदृश्य अक्षराचं काम नव्हे. तिथे माणसाने बसून दोन्ही नावांची जोडी लावून द्यावी लागते.

आणि उलटंही घडतं. साफ केल्यावर आधी वेगळी भासणारी दोन नावं एकच निघतात. संकेतस्थळावरच्या यादीत खानापूर दोनदा असेल, एकदा ८२०३ सह आणि एकदा त्याविना, तर आता F स्तंभात ते दोनदा येतं आणि VLOOKUP फक्त पहिल्याचा कोड आणतं. दुसरी शाळा यादीत असूनही तिला पुस्तकं जात नाहीत. म्हणून शोध घेण्याआधी =COUNTIF($F$2:$F$200,F2) हे सूत्र खालपर्यंत ओढावं आणि जिथे २ किंवा अधिक येईल त्या ओळी हाताने पाहाव्यात. खानापूर नावाची गावं महाराष्ट्रात अनेक आहेत. दुसरी ओळ ही त्याच गावाची पुनरुक्ती आहे की वेगळ्याच तालुक्यातलं खानापूर चुकून आलं आहे, ते तालुक्याच्या स्तंभावरूनच ठरवावं लागेल.