‘माझी थीस घ्याल का?’

फ्रान्समध्ये पीएच.डी. करायची, तर नोंदणीच्या आधी एक ईमेल लिहावा लागतो. मार्गदर्शक व्हाल का, असं प्राध्यापकांना विचारणारा. त्यांचा होकार नसेल तर गाडी पुढे सरकत नाही.

हा मेल कोणाला पाठवायचा, इथेच पुष्कळांचा घोळ होतो. विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रत्येकाला तिथे प्रमुख मार्गदर्शक होता येत नाही. त्यासाठी ‘एचडीआर’ ही वेगळी पात्रता मिळवावी लागते, आणि ‘मॅत्र द काँफेराँस’ या पदावरच्या अनेकांकडे ती नसते. फार तर ते सहमार्गदर्शक होतात. म्हणून theses.fr वर आधी नाव शोधावं. त्या व्यक्तीकडे कोणत्या विषयांवर प्रबंध झाले आणि सध्या किती चालू आहेत, ते तिथे दिसतं. दहाबारा विद्यार्थी आधीच असतील, तर नकाराची तयारी ठेवलेली बरी.

आता मेल. समजा, इतिहासाच्या एका विद्यार्थिनीला एकोणिसाव्या शतकातल्या पाँडिचेरीच्या निळ्या कापडावर काम करायचंय. ‘गिने’ नावाचं हे कापड फ्रेंच व्यापारी सेनेगलला नेत आणि त्याच्या बदल्यात डिंक घेत. विषयाच्या ओळीत ‘मार्गदर्शनाची विनंती’ आणि पुढे हाच विषय, एवढं पुरे. सुरुवात ‘मादाम ला प्रोफेसर’ अशी. पहिल्या नावाने हाक मारायची नाही. मग दोन वाक्यांत स्वतःची ओळख: एम.ए. कुठे, प्रबंध कशावर.

खरा जीव पुढच्या परिच्छेदात असतो. कापडाचा दर्जा पाँडिचेरीत कोण ठरवत होतं, हा तिचा प्रश्न. एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या वसाहतकालीन अभिलेखागारातली कागदपत्रं हा तिचा आधार. आणि बाईंच्या कोणत्या लेखातून हा प्रश्न सुचला, ते एका वाक्यात. ‘आपलं थोर कार्य वाचून भारावून गेले’ हे आपल्याकडे खपतं, तिथे त्यातून काहीच कळत नाही. मेलवरचं नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्या प्राध्यापकांना चालत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही असं समजावं.

विनंती मात्र आडपडदा न ठेवता करावी: ‘अक्सेप्तरिए-व्हू द दिरिजे मा तेझ?’ क्रियापदाच्या या रूपातच ‘घ्याल का’मधला अदबीचा सूर आहे. शेवटच्या नमस्कारात सुरुवातीचंच संबोधन पुन्हा यायला हवं, नाहीतर ते खटकतं. सोबत दोनतीन पानांचा आराखडा, सीव्ही आणि गुणपत्रिका.

पैशांचंही विचारावं. तीन वर्षांच्या सरकारी करारासाठीच्या मुलाखती बहुधा मे-जूनमध्ये होतात आणि मानव्यशास्त्रांत जागा थोड्या असतात, म्हणून मेल हिवाळ्यातच गेलेला बरा. दोनतीन आठवडे उत्तर नाही आलं, तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करून द्यावी. तिथे त्यात कोणी वावगं मानत नाही.