कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर

कारणे दाखवा नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार ठपका ठेवण्यासारखी किरकोळ शिक्षा देण्यापूर्वीही कर्मचाऱ्याला आरोप लेखी कळवून त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती संधी अनेकजण रागाच्या भरात घालवतात. साहेबांचा आकस, इतरांना मिळणारी सवलत, स्वतःची वीस वर्षांची सेवा, सगळं लिहून होतं आणि विचारलेल्या तारखांबद्दल एक ओळही नसते.

समजा, तालुक्याच्या कार्यालयातल्या एका लिपिकाला नोटीस आली: '१० ते १२ जून विनापरवानगी गैरहजर, कामात नेहमी हलगर्जीपणा, सात दिवसांत खुलासा करावा.' नोटीस हाती पडली २० जूनला. पोच देताना सहीखाली हीच तारीख घालायची, कारण पुढे मुदतीवरून वाद झाला तर तीच उपयोगी पडते.

आता तीन दिवस वेगवेगळे पाहू. १० जूनला सकाळी ८.४० वाजता त्याने कार्यालयप्रमुखांना मोबाइलवर संदेश पाठवला होता. त्याच दिवशीचा ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर आहे आणि त्यावर दोन दिवसांची विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे १० आणि ११ तारखेचा कागद आहे, १२ तारखेचा नाही. इथेच मोह होतो, ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचा दाखला आणण्याचा. तो अजिबात आणू नये. रुग्णालयाच्या नोंदवहीशी तारीख ताडून पाहिली की खोटेपणा उघडा पडतो, मग खऱ्या केसपेपरवरही कोणी विश्वास ठेवत नाही आणि खोटा दाखला हा मूळ गैरहजेरीपेक्षा गंभीर आरोप होऊन बसतो.

त्याने असं लिहावं: 'दि. १० व ११ जून रोजी मी आजारी होतो. संदेशाची प्रत (सहपत्र १) व केसपेपरची प्रत (सहपत्र २) सोबत जोडली आहे. दि. १२ जून रोजी अशक्तपणामुळे येऊ शकलो नाही, परंतु तसे कळवले नाही, ही माझी चूक आहे. तिन्ही दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.' या कबुलीने खुलासा लंगडा होत नाही. अधिकाऱ्याला उरलेल्या दोन दिवसांवर विश्वास ठेवायला तीच कारण देते.

'नेहमी हलगर्जीपणा' या आरोपात तारीख नाही, प्रकरण नाही. म्हणून त्यावर चिडू नये आणि गप्पही बसू नये: 'हा आरोप मला मान्य नाही. संबंधित प्रकरणे व दिनांक कळवल्यास सविस्तर खुलासा सादर करीन.'

एखादा कागद वेळेत मिळणार नसेल, तर मुदत संपण्याआधीच वाढीव मुदतीचा अर्ज द्यावा. खुलासा आलाच नाही, तर 'काही सांगायचे नाही' असं गृहीत धरून निर्णय होऊ शकतो. खुलाशाच्या दोन प्रती न्याव्यात, मूळ कागद स्वतःकडे ठेवावेत आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये.