"सेम फॉर्म्युला, कमी किंमत": घटक जुळले म्हणजे रिझल्ट जुळतो का?

कॉस्मेटिक्सचं दुकान टाकायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सप्लायर तुम्हाला सांगणार, "त्या महागड्या सीरमचा सेम फॉर्म्युला आहे, साहेब. किंमत मात्र निम्म्याहून कमी."

आधी एक फरक समजून घ्या. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव आणि लोगो छापलेला माल म्हणजे डुप्लिकेट. तो विकणं गुन्हा आहे, त्याला हातही लावू नका. स्वतःच्या नावाने, पण तेच मुख्य घटक वापरून बनवलेला स्वस्त माल म्हणजे ड्यूप. तो विकायला हरकत नाही. प्रश्न एवढाच, की तो तसंच काम करतो का?

माझाच अनुभव सांगतो. मी १५% व्हिटॅमिन सी सीरमच्या ३६ बाटल्या घेतल्या, १६० रुपयांना एक, म्हणजे ५,७६० रुपये गुंतवले. बाटली पारदर्शक काचेची, वर ड्रॉपर. दिसायला छान म्हणून एप्रिलमध्ये दर्शनी रॅकवर मांडल्या. ३५० रुपयांप्रमाणे २२ विकल्या गेल्या. जूनपर्यंत उरलेल्या १४ बाटल्यांतलं सीरम चहासारखं झालं. विकलेल्यांपैकी ९ परत आल्या आणि मी पैसे परत दिले. हातात राहिले ४,५५० रुपये, म्हणजे १,२१० रुपयांचा तोटा. नेहमीची दोन गिऱ्हाइकं तुटली ती वेगळीच.

असं का झालं? शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-एस्कॉर्बिक ॲसिड, हवा, उजेड आणि उष्णता लागली की खराब होतं. कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं, तसंच हे आधी पिवळं, मग तांबूस होतं. त्यात ते त्वचेत नीट शिरायला सीरमचा पीएच साधारण ३.५ पेक्षा कमी लागतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली १५% व्हिटॅमिन सी, १% व्हिटॅमिन ई आणि ०.५% फेरुलिक ॲसिड यांच्या मिश्रणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेरुलिक ॲसिडमुळे ते मिश्रण जास्त टिकलं आणि उन्हापासून मिळणारं संरक्षण जवळजवळ दुप्पट झालं. आता बघा, ही तीन नावं कुणीही लेबलवर छापू शकतो. पण पीएच किती, माल कधी बनला, ट्रकमध्ये किती तापला, हे घटकांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

मग सगळेच ड्यूप वाईट का? अजिबात नाही. नायसिनमाइड घ्या. हा घटक पाण्यात सहज विरघळतो, साधारण ५ ते ७ पीएचला चांगला टिकतो आणि महागही नाही. चांगल्या कारखान्यातलं ५% नायसिनमाइडचं स्वस्त सीरम महागड्याच्या बरंच जवळ जातं. पेट्रोलियम जेली, साधं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर, यांचंही तेच. म्हणून माल भरताना आधी विचारा: हा घटक टिकाऊ आहे की नाजूक? टिकाऊ असेल तर ड्यूप बिनधास्त तपासायला घ्या. नाजूक असेल तर पुढच्या तीन गोष्टी केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

एक, लेबल नीट वाचा. समोर "व्हिटॅमिन सी" आणि मागे "सोडियम एस्कॉर्बिल फॉस्फेट" असेल, तर ते व्हिटॅमिन सीचं वेगळं रूप आहे. ते जास्त टिकतं, पण त्वचेत गेल्यावर त्याचं व्हिटॅमिन सी व्हावं लागतं. वाईट नाही, पण "सेम" नाही. बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक आणि तारखाही बघा.

दोन, सॅम्पलचा एक थेंब पांढऱ्या बशीत टाका. शुद्ध व्हिटॅमिन सीचं ताजं सीरम रंगहीन किंवा फिकट पिवळं असतं. मग पीएच पट्टी लावा. ४ च्या वर दाखवली तर सप्लायरला जाब विचारा. ही कसोटी शुद्ध व्हिटॅमिन सीच्या, पाण्यातल्या सीरमलाच लागू आहे. आणि पट्टीवरून टक्केवारी कळत नाही, त्यासाठी त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागा.

तीन, एक बाटली दुकानातच महिनाभर ठेवा आणि दर आठवड्याला बशीतला रंग बघा. गडद काच आणि हवाबंद पंप असलेला माल शक्यतो निवडा.

पहिली ऑर्डर ६ बाटल्यांचीच द्या. गिऱ्हाइकाला "सेम टू सेम" म्हणू नका. "घटक तेच आहेत, उघडल्यावर थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, रंग तांबूस झाला तर वापरू नका," एवढं सांगा. माझ्याकडे आता ते वाक्य बिलाच्या मागेच छापलेलं असतं.