माणूस कुठे बसलाय?
जपानी पडदा : लेखांक ६

गेल्या आठवड्याचा लेख वाचून आमच्या कबनूरच्याच एका दहावीतल्या मुलाने विचारलं, "काका, मेका म्हणजे रोबोटच ना? मग दोन नावं कशाला?" प्रश्न रास्त आहे. जपानीत 'मेका' हा शब्द कुठल्याही यंत्राला चालतो. मोटार असो, रणगाडा असो, नाहीतर अवकाशयान. जपानबाहेरच्या चाहत्यांनी मात्र तो एका खास प्रकारच्या गोष्टींसाठी राखून ठेवला: प्रचंड मोठं, बहुतेक वेळा माणसाच्या आकाराचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस. यंत्र स्वतःच्या डोक्याने वागत असेल तर ते रोबोट. त्याच्याशी एखादा माणूस जोडलेला असेल तर मेका. ही रेघ काही फार काटेकोर नाही, पण कामापुरती पुरते.

पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना याची सुरुवात आठवत असेल. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचं. ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी सगळी गल्ली गोळा व्हायची. ही मूळची १९६७ सालची जपानी मालिका, इंग्रजीत डब झालेली. ती ॲनिमे नव्हे. खरी माणसं आणि रबरी पोशाखातले राक्षस घेऊन तिचं चित्रीकरण झालं होतं. पण तिचा कर्ता मित्सुतेरु योकोयामा हा मांगाकार, आणि महाकाय यंत्रांची ही परंपरा त्यानेच १९५६ साली 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेतून रुजवली होती. 'तेत्सुजिन'मध्ये एक मुलगा रिमोटच्या पेटीने यंत्र चालवतो. 'जायंट रोबोट'मधला जॉनी मनगटावरच्या घड्याळात बोलून हुकूम सोडतो, आणि रोबोट फक्त त्याचाच आवाज मानतो. समोर येणारे ते राक्षस म्हणजे काइजू. १९५४ सालच्या 'गॉडझिला'पासून हा शब्द सगळीकडे पोचला. काइजू बहुधा एखाद्या संकटासारखा येतो. त्याच्याशी बोलणी करता येत नाहीत, आणि शहर तुडवणं हे त्याचं येण्याचं निम्मं काम. गॉडझिलाला जाग आली ती हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी, एवढं लक्षात ठेवलं तरी त्या चित्रपटाकडे पोरखेळ म्हणून बघवत नाही.

मेकाची कुठलीही मालिका हाती घेतली की मी एकच गोष्ट आधी बघतो. माणूस कुठे आहे? जॉनी बाहेर उभा आहे. रोबोटला कितीही मार बसला तरी जॉनीच्या अंगावर ओरखडा उठत नाही. १९७२ साली गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये नायक एका छोट्या यानातून येतो आणि ते यान रोबोटच्या डोक्यात नेऊन बसवतो. माणूस आत आला. आता यंत्र पडलं तर तोही आदळणार. १९७९ च्या 'गंडम'ने हीच गोष्ट आणखी जमिनीवर आणली. अठरा मीटर उंचीचा हा मेका म्हणजे युद्धातलं लष्करी वाहन. आमुरो हा पोरगा पहिल्यांदा त्यात शिरतो तेव्हा मॅन्युअलची पानं उलटत तो चालवतो. चाहते माझिंगरच्या जातीला 'सुपर रोबोट' म्हणतात आणि गंडमच्या जातीला 'रिअल रोबोट'. दुसऱ्या जातीत दारूगोळा संपतो, दुरुस्ती लागते, वरिष्ठांचे हुकूम पाळावे लागतात.

पण इथपर्यंत माणूस आणि यंत्र यांच्यात कळा आणि दांडे आहेत. आपल्याकडे यंत्रमागावरच्या कामगाराचा कान इतका तयार असतो की खटखट जरा बदलली की कुठला माग बिघडला हे तो न बघता सांगतो. तरीही मागावर धागा तुटला म्हणून त्याच्या बोटाला कळ येत नाही. ही शेवटची भिंत पाडली की जे होतं त्याचं नाव सिंक्रोनायझेशन, चाहत्यांच्या बोलीत नुसतं 'सिंक'.

याचा सगळ्यात नीट विचार १९९५ च्या 'निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन'मध्ये आहे. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, भाग सव्वीस. चौदा वर्षांच्या शिंजीला वर्षानुवर्षं विचारपूस न करणारा बाप बोलावून घेतो आणि 'इव्हा' नावाच्या अजस्र देहासमोर उभं करतो. शहरावर 'एंजल' चालून आलाय, म्हणजे या मालिकेतला काइजू. शिंजीला एका पांढऱ्या लांबट नळकांड्यात बसवतात आणि ते नळकांडं इव्हाच्या मानेमागून आत सारतात. आत एलसीएल नावाचा द्रव भरतो. तो छातीत गेला की त्यातूनच श्वास घेता येतो. मग मज्जातंतूंची जोडणी होते आणि पडद्यावर आकडा येतो: ४१.३ टक्के. काहीच शिकवलेलं नसताना एवढा आकडा आला म्हणून तंत्रज्ञ चकित होतात.

या आकड्याचा अर्थ पुढच्या दोन मिनिटांत कळतो. शिंजीला सांगतात, चालण्याचा विचार कर. तो करतो, इव्हा एक पाऊल टाकते आणि तोंडावर आपटते. एंजल तिचा हात पिळतो तेव्हा शिंजी स्वतःचा हात धरून कळवळतो. मोहिमेची सूत्रं हाताळणारी मिसातो ओरडून सांगते की तो तुझा हात नाही. खरंच आहे, पण दुखतंय त्याला. जी वाट हुकूम नेते तीच वाट वेदना परत आणते. आकडा वाढला की हालचाल सफाईदार होते आणि मारही तितकाच आतवर लागतो. म्हणून 'सिंक जास्त म्हणजे पायलट भारी' हा नवख्यांचा समज अर्धाच खरा.

एकोणिसाव्या भागात याच्या दोन्ही बाजू एकापाठोपाठ दिसतात. असुका या दुसऱ्या पायलटच्या इव्हाचे दोन्ही हात तुटलेले आहेत, आता डोकं उडणार. तेवढ्यात मिसातो मज्जातंतूंची जोडणी तोडायला लावते. पायलटला वाचवायचा तेवढाच उपाय उरलाय, आणि त्याची किंमत म्हणजे इव्हा जागच्या जागी निकामी. थोड्याच वेळाने शिंजी लढायला उतरतो. इव्हाला एरवी जाड केबलने वीज पुरवतात. ती तुटली की आतल्या साठ्यावर जेमतेम पाच मिनिटं निघतात. ती संपतात, इव्हा बंद पडते, आणि मग विजेशिवायच उठते. आकडा चारशे टक्क्यांवर जातो. लढाई जिंकली जाते, पण नळकांड्याच्या आत बघतात तेव्हा तिथे फक्त पोशाख तरंगत असतो. शिंजीचा देह त्या द्रवात विरघळून गेलेला आहे. त्याला परत आणायला महिनाभर लागतो.

उलट दिशेने असुका जाते. आपण सगळ्यात उत्तम पायलट आहोत यावरच जिचा सगळा जीव, तिला शिंजी चाचणीत मागे टाकतो. तिथून तिचं मन खचत जातं आणि आकडाही घसरत जातो. शेवटी इव्हा तिच्या हाताखाली हलतच नाही. यंत्रात बिघाड काहीच नाही. सिंक हा मोजपट्टीसारखा वाटणारा शब्द प्रत्यक्षात पायलटच्या मनाची अवस्था दाखवतो, आणि ते लक्षात आलं की पुढच्या भागांतली लढाई सोडून भलतीकडेच रेंगाळणारी दृश्यं कंटाळवाणी वाटत नाहीत. इव्हाच्या आत नेमकं काय आहे, आणि पायलट म्हणून चौदा वर्षांची पोरंच का लागतात, हे मात्र मी इथे फोडत नाही.

इंग्रजीत हीच कल्पना २०१३ च्या 'पॅसिफिक रिम'ने वापरली. तिथे काइजू हा शब्दही तसाच उचललाय. फरक इतकाच की त्यातल्या यंत्राचा भार एका मेंदूला पेलत नाही, म्हणून दोन पायलट एकमेकांशी जोडले जातात आणि एकाच्या आठवणी दुसऱ्याला दिसतात. एखाद्या आठवणीत पायलट अडकला की यंत्र त्या आठवणीप्रमाणे वागू लागतं. त्यातली पायलट माको पहिल्याच चाचणीत लहानपणच्या हल्ल्यात हरवते आणि तिचं यंत्र तळातच तोफ रोखतं.

सुरुवात कशाने करावी, असं विचाराल तर आधी 'गंडम', मग 'इव्हॅन्जेलियन'. उलट क्रमाने बघितलंत तर दुसऱ्याने नेमकं काय मोडलं ते कळणार नाही. आणि घरातली धाकटी मंडळी शिनचॅन बघत असतील तर त्यांच्या शेजारी जरा बसा. शिनचॅन ज्याच्यावर जीव टाकतो तो कंताम रोबो म्हणजे याच सगळ्या परंपरेची नक्कल आहे, अगदी खोडसाळ, पण जाणत्याने केलेली.

(पुढच्या आठवड्यात : रबरी पोशाख घालून शहर तुडवणारे कलाकार)