गळका नळ आणि घरातली हत्यारे

आज टेबलावर मोठी पेटी मांडलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चार-पाच वस्तू आहेत फक्त. बाथरूममधल्या किरकोळ दुरुस्त्यांना एवढ्या पुरतात. एकेका हत्याराचं वर्णन करत बसण्यापेक्षा आपण एकच काम धरू या: वॉश बेसिनचा जुन्या पद्धतीचा, तीन-चार फेरे फिरवावा लागणारा नळ पूर्ण बंद केला तरी टपकतो आहे. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं.

पहिलं काम बेसिनखालचा अँगल कॉक बंद करण्याचं. त्याला हत्यार लागत नाही. पण वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो. तिथे पाना लावून जोर केला, तर कॉक भिंतीतल्या आट्यांपाशी तुटू शकतो. मग पाणी थांबवायला गच्चीवरचा व्हॉल्व्ह गाठायचा, आणि तोवर खालच्या मजल्यावरचे लोक दारात! म्हणून हाताने फिरत नसेल, तर घराचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करा. तो कुठे आहे आणि बंद होतो का, हे आजच पाहून ठेवा. पाणी बंद झालं की नळ उघडून आतलं उरलेलं पाणी जाऊ द्या, आणि बेसिनच्या जाळीवर फडकं टाका. सुटलेला स्क्रू हमखास तिथेच पडतो.

आता स्क्रू ड्रायव्हर. लहान चपट्याने मुठीवरची टोपी उचकटायची, खालचा स्क्रू बहुधा फुलीचा असतो. काही नळांच्या मुठीला बाजूला बारीक भोक असतं, तिथे ॲलन की लागते, म्हणून तिचा छोटा संच हवा. मूठ क्षारांनी घट्ट बसली असेल, तर ठोकू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा.

मूठ निघाली की सहाकोनी नट दिसतो. याच्यासाठी आठ किंवा दहा इंची ॲडजस्टेबल पाना. आमच्या मते पैसे खर्च करायचे तर यावर करा, कारण स्वस्त पान्याचा सरकता जबडा ढिला असतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. पाना घट्ट आवळून बसवायचा, आणि ज्या बाजूला फिरवणार त्या बाजूला सरकता जबडा ठेवायचा. म्हणजे खरा जोर स्थिर जबड्यावर येतो. दातेरी पाईप पाना इथे वापरू नका. आम्ही एकदा घाईत वापरला होता, त्या नळावर दातांचे ओरखडे अजून आहेत. नट फिरवण्याआधी नळ अर्धा उघडा ठेवा, नाहीतर आतलं वायसर बैठकीवर दाबलेलं राहतं.

नट सुटला की स्पिंडल बाहेर येतो, त्याच्या टोकाला रबरी वायसर. त्यावर गोल खाच पडलेली दिसली, की दुखणं सापडलं. जुनं वायसर हार्डवेअरच्या दुकानात बरोबर न्या, अंदाजाने आणलेलं बसत नाही. नवं घालण्याआधी आतल्या बैठकीवरून बोट फिरवा. ती गुळगुळीत हवी. खडबडीत लागली तर नवं वायसरही लवकरच कापलं जाईल. घरच्या हत्यारांची मर्यादा इथे येते. बैठक घासायचं हत्यार वेगळं असतं, त्यापेक्षा नळ बदललेला परवडतो.

राहिली टेफलॉन टेप. ती सरसकट सगळीकडे गुंडाळतात, ते बरोबर नाही. भिंतीत आवळल्या जाणाऱ्या आट्यांवर ती लागते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ओढून ताणून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून गोळा होते. बेसिनखालच्या कनेक्शन पाईपच्या नटाला मात्र टेप नको, तिथे आतलं रबरी वायसरच पाणी अडवतं. हाताने घट्ट करायचा, वर पान्याने पाव फेरा.

शेवटी पाणी हळूहळू सुरू करा आणि जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून दहा मिनिटं थांबा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर लगेच उमटते.

मघाशी एकांनी विचारलं, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळाचं काय? त्यात रबरी वायसर नसतं, सिरॅमिकच्या चकत्यांचा कार्ट्रिज असतो. तो याच पान्याने निघतो, पण अख्खाच बदलावा लागतो. त्याची उंची आणि मूठ बसते तिथले दाते कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून तोही काढून दुकानात बरोबर न्यायचा.