ईमेलच्या तळाशी काय लिहावं?

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात दिवसभरात आलेल्या ईमेल चाळल्या, तर बऱ्याच जणांच्या तळाशी एकच जोडी दिसते: 'थँक्स अँड रिगार्ड्स'. ती मुद्दाम कुणी लिहिलेली नसते. नोकरी लागते तेव्हा नाव, हुद्दा आणि फोन नंबर ईमेलच्या सेटिंगमध्ये भरून ठेवतात, त्यांच्यासोबत हे शब्दही भरले जातात आणि पुढे प्रत्येक ईमेलखाली आपोआप उमटत राहतात. रजेच्या अर्जाखाली तेच, थकलेल्या बिलाच्या तगाद्याखाली तेच, आणि सहकाऱ्याचे वडील गेल्यावर सांत्वनासाठी लिहिलेल्या चार ओळींखालीही तेच. ज्याच्या घरात दुःख आहे त्याला तळाशी 'थँक्स' वाचावं लागतं, हे मला फार खटकतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सेटिंगमध्ये नाव, हुद्दा आणि फोन एवढंच ठेवा. नावाच्या वरचा शब्द दर वेळी हाताने टाइप करा.

तो निवडायचा कसा, हे मराठी पत्रं लिहिलेल्या पिढीला वेगळं शिकवायला नको. 'तीर्थरूप' असा मायना घातला की शेवट कसा करायचा ते तिथेच ठरायचं. इंग्रजीतही रीत तीच आहे. ब्रिटिश पद्धतीत नाव माहीत नसलेल्या माणसाला 'डिअर सर' लिहिलं, तर शेवटी 'युवर्स फेथफुली'. आडनावाने संबोधलं, तर 'युवर्स सिन्सिअरली'. आपल्या केंद्र सरकारच्या पत्रव्यवहारातही हाच भेद आहे. औपचारिक सरकारी पत्र 'फेथफुली'ने संपतं, आणि एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावाने लिहिलेलं अर्धशासकीय पत्र 'सिन्सिअरली'ने. अमेरिकेत हा भेद राहिलेला नाही. तिथे औपचारिक पत्राला नुसतं 'सिन्सिअरली' चालतं. एक बारीक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: 'युवर्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी नसते. आपल्याकडच्या अर्जांत ती हटकून दिसते.

पण नातं पहिल्या पत्रापाशी थांबत नाही. ते पुढे सरकतं, तसा शेवटचा शब्दही सरकायला हवा. समजा, सांगलीच्या एका मुलीला ब्रिटनमधल्या विद्यापीठात एम. एस्सी. करायचंय आणि ती तिथल्या प्राध्यापकांना पहिल्यांदाच लिहिते आहे. ओळख नाही, पण नाव माहीत आहे. 'डिअर डॉक्टर' आणि पुढे आडनाव अशी सुरुवात केली, की 'युवर्स सिन्सिअरली' हा शेवट बिनधोक. दोन दिवसांनी उत्तर येतं. प्राध्यापक शेवटी 'बेस्ट विशेस' लिहितात आणि खाली फक्त स्वतःचं पहिलं नाव. ब्रिटिश माणसाकडून आलेले हे शब्द म्हणजे निरोप नव्हे. तिथे थोडीफार ओळख झालेल्यांत 'बेस्ट विशेस' रोजच्या वापरात आहे. दार थोडं उघडलं, एवढाच त्याचा अर्थ. तिने दुसऱ्या ईमेलमध्ये 'काइंड रिगार्ड्स' लिहावं. पुन्हा 'युवर्स सिन्सिअरली' लिहिलं, तर त्यांनी टाकलेलं पाऊल तिने पाहिलंच नाही असं वाटेल. आणि त्यांचंच 'बेस्ट विशेस' उचललं, तर चूक नाही, पण विद्यार्थिनीने गुरुजनांना लिहिताना मी अर्धी पायरी मागे राहणं पसंत करेन.

मग ते तिच्या अर्जासोबतचा निबंध वाचून सूचना पाठवतात. आता 'मेनी थँक्स' किंवा 'विथ थँक्स' शोभून दिसतं, कारण आभार मानावेत असं काहीतरी खरोखर घडलं आहे. पुढे फीची मुदत वाढवून घेण्यासाठी ती प्रवेश विभागाला लिहिते. तिथे कुणाचं नाव नाही, ओळखही नाही. जुन्या वळणाने 'डिअर सर ऑर मॅडम' लिहिलं, तर 'युवर्स फेथफुली' हवं. विभागाच्या नावाने सुरुवात केली, तर 'काइंड रिगार्ड्स' पुरतं. शेवटी समजा तिने दुसरीकडे प्रवेश घेतला आणि प्राध्यापकांना तसं कळवलं. इथे 'विथ बेस्ट विशेस' तिच्याकडूनही शोभतं, कारण हा पत्रव्यवहार आता संपतो आहे आणि पुढे कसलीही मागणी नाही.

'थँक्स'विषयी थोडं जास्त बोलायला हवं, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जीनो या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांनी एका विद्यार्थ्याचं नोकरीसाठीचं पत्र तपासून दिलं. नंतर त्या विद्यार्थ्याने आणखी एक पत्र तपासाल का, असं विचारलं. ज्यांना त्याने नुसतं 'मिळालं' असं कळवलं होतं, त्यांच्यापैकी 32 टक्के तयार झाले. ज्यांचे त्याने मनापासून आभार मानले होते, त्यांच्यातले 66 टक्के. पण हे आभार झालेल्या कामाचे होते आणि ते पत्राच्या मजकुरात होते. काम सांगताना तळाशी 'थँक्स इन अ‍ॅडव्हान्स' लिहिणं ही वेगळी गोष्ट. बरोबरीच्या सहकाऱ्याकडून एखादी फाइल मागवताना ते चालून जातं. वरिष्ठांकडे किंवा ओळख नसलेल्याकडे मोठं काम मागताना मात्र ते टाळावं. समोरच्याने अजून हो म्हटलेलं नाही आणि आपण ते गृहीत धरून मोकळे झालो, असं त्यातून वाटतं. अशा वेळी आभाराचं वाक्य वर मजकुरात लिहावं, वेळ काढून वाचल्याबद्दल, आणि खाली 'रिगार्ड्स' ठेवावं.

तक्रारीच्या पत्रात तर 'थँक्स' नकोच. दुरुस्त करून आणलेला फ्रिज तिसऱ्यांदा बंद पडल्याचं सांगून खाली 'थँक्स' लिहिलं, की एक तर तक्रार बोथट होते, नाही तर टोमणा मारल्यासारखं वाटतं. तिथे कोरडं 'रिगार्ड्स' किंवा 'सिन्सिअरली' योग्य.

कोरडं म्हणण्याचं कारण असं, की 'रिगार्ड्स'च्या ऊबेलाही पायऱ्या आहेत. नुसतं 'रिगार्ड्स' सर्वांत थंड, 'बेस्ट' आणि 'काइंड' मधले, 'वॉर्म' सर्वांत जवळचं. एखादा पुरवठादार वर्षभर 'वॉर्म रिगार्ड्स' लिहीत असेल आणि पैसे लांबल्यावर एकाएकी नुसतं 'रिगार्ड्स' लिहायला लागला, तर त्याची नोंद घ्यावी. मजकुरात जे सांगायला तो कचरतो आहे, ते बहुधा तिथे उतरलेलं असतं. अशा वेळी उत्तरात आपणही एक पायरी उतरू नये. नेहमीचाच शेवट ठेवून पैसे कधी देणार ती तारीख वर लिहावी. आपला राग मात्र शेवटच्या शब्दातून कळवायला जाऊ नये. काही जण फोनवरून घाईत 'रिगार्ड्स' लिहितात आणि त्यामागे काहीच नसतं. म्हणून एका ईमेलवरून निष्कर्ष काढू नये, सलग दोन-तीन पाहाव्यात.

भारतीय ऑफिसात 'बेस्ट विशेस'ला थोडा वडीलकीचा वास आहे. साहेब बदली झालेल्या कारकुनाला लिहितात, शिक्षक परीक्षेला बसणाऱ्याला लिहितात. नव्याने लागलेल्या मुलाने मासिक अहवालाखाली साहेबांना ते लिहिलं तर जरा चमत्कारिक वाटतं. त्याच मुलाने साहेबांच्या निवृत्तीच्या दिवशी लिहिलं तर अगदी स्वाभाविक वाटतं. सांत्वनाच्या पत्राला मात्र या चारांतला कुठलाच शब्द नीट बसत नाही. तिथे 'विथ सिंपथी' लिहावं, किंवा शेवटचा शब्द गाळून नुसतं नाव लिहावं. सहकारी मराठी असेल, तर ते अख्खं पत्र मराठीतच लिहावं.