‘जॉज’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रजी चित्रपटाच्या नावाचा शब्दशः अनुवाद दोन तऱ्हांनी फसतो. कधी अर्थ बरोबर उतरतो, पण नावात जीव राहत नाही; कधी अर्थच भलतीकडे जातो. ‘टायटॅनिक’सारखे विशेषनाम असेल तर ते तसेच ठेवून भागते. अडचण येते ती साध्यासुध्या शब्दांच्या नावांत, आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९७५ सालचा ‘जॉज’ हा त्याचा उत्तम नमुना आहे.

हे नाव मुळातही फसवेच होते. पीटर बेंचली यांच्या कादंबरीचे हस्तलिखित हाती पडले तेव्हा गोष्ट दंतवैद्याची असावी, असे आपल्याला वाटल्याचे स्पीलबर्ग यांनीच सांगितले आहे. नावाला तारले ते पोस्टरने. वर पाण्यात एकटी पोहणारी स्त्री आणि खालून सरळ तिच्याकडे येणारे दातेरी तोंड. चित्राने शार्क दाखवला, त्यामुळे शब्दाला तो सांगावा लागला नाही. चित्रपटाची रीतही हीच आहे. कितीतरी वेळ शार्क धड दिसत नाही. दिसतो तो पाठीवरचा पर किंवा त्याच्यामागे ओढली जाणारी पिंपे, आणि बाकीचे काम संगीत करते. म्हणून नाव ठरवताना आधी पाहायचे ते हे की, मूळ नाव काय सांगते आणि काय मुद्दाम झाकून ठेवते.

स्पेन आणि इटलीत सरळ शार्कचेच नाव दिले गेले, जर्मनीत ‘पांढरा शार्क’ झाला. फ्रेंचांनी मात्र ‘समुद्राचे दात’ अशा अर्थाचे नाव घेतले. त्यात प्राणी अदृश्य राहतो आणि समुद्रच चावरा होतो. चारही नावांत हे सरस.

मराठीत ‘जबडे’ लिहिले की दातांच्या दवाखान्यातला तक्ता आठवतो. ‘शार्क’ हे प्राणिजीवनावरच्या माहितीपटाचे नाव वाटते. अस्सल मराठी म्हणून ‘मुशी’ घ्यावी, तर कोकणातल्या वाचकाला ती बाजारातल्या टोपलीत दिसते आणि तिथून कालवणात. भीती तिथेच संपते. फ्रेंच नाव उचलून ‘समुद्राचे दात’ केले, तर मराठीत ते बालगीताचे किंवा कोड्याचे वाटते. एका भाषेत जमलेली प्रतिमा दुसरीत तशीच जमेल, याचा भरवसा नसतो.

मग हाताशी येतो तो तयार वाक्प्रचार : ‘काळाच्या जबड्यात’. यात दहशत आहे आणि मूळ शब्दही शाबूत आहे. पण हेच नाव भूकंपावरच्या, खाणीतल्या अपघातावरच्या किंवा विमान कोसळण्यावरच्या चित्रपटालाही चालेल. जे नाव कुठेही चालते, ते या चित्रपटाचे नाव होत नाही. शिवाय त्याला वर्तमानपत्री मथळ्याचा वास येतो.

उरतो ‘जबडा’. इंग्रजीत जबड्याचे वरचे-खालचे दोन भाग धरून अनेकवचन येते. मराठीत वाघ ‘जबडा’ वासतो, ‘जबडे’ नव्हे. एकवचन केल्याबरोबर दवाखाना पुसला जातो आणि आ वासलेले तोंड उरते. त्या पोस्टरवर हा एकच शब्द पुरे आहे. बोलण्यातही तो अडत नाही : ‘जबड्याची दोन तिकिटे द्या’ असे खिडकीशी सहज म्हणता येते. ‘काळाच्या जबड्यात’ला मात्र पुढे ‘ची’ लावताना जीभ अडखळते. चित्र नसलेल्या ठिकाणी, म्हणजे नुसत्या कार्यक्रमपत्रिकेत, ‘जबडा’ लंगडा पडतो. तिथे खाली समुद्राचा उल्लेख करणारी एखादी ओळ द्यावी लागेल.

पुढचे भाग निघाले तर नाव टिकेल का, हेही बघावे लागते. १९८८ सालच्या ‘डाय हार्ड’ची कथा काचेच्या उंच इमारतीत घडते, म्हणून फ्रान्समध्ये त्याला ‘काचेचा सापळा’ आणि स्पेनमध्ये ‘काचेचे जंगल’ अशा अर्थाची नावे मिळाली. दोन वर्षांनी आलेला दुसरा भाग विमानतळावर घडतो. स्पेनने काच गाळून नुसते जंगल ठेवले. फ्रान्सने पहिले नाव सोडून नवेच घेतले. मराठीत शब्दशः ‘कठीण मरण’ म्हटले तर रुग्णशय्येवरची शोककथा वाटेल आणि अर्थही हुकेल, कारण मूळ शब्दांचा रोख सहजासहजी न मरणाऱ्या, हार न मानणाऱ्या माणसाकडे आहे. त्याला मराठीत शब्द आहे ‘चिवट’. तो इमारतीला नव्हे, नायकाला चिकटतो. म्हणून विमानतळावरही चालतो आणि ‘चिवट २’ म्हणूनही.

इंग्रजी चित्रपट भारतात डब होतात ते मुख्यतः हिंदी, तमिळ आणि तेलुगूत; मराठीची पाळी क्वचित येते. पण आली, तर डब केलेल्या आवृत्तीलाही सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यावर चित्रपटाचे नाव असते. म्हणून नावाचा घोळ त्याआधीच मिटवलेला बरा.